चेक परत गेल्याची नोटीस कशी वाचावी?

वकिलाच्या शिक्क्याचा लिफाफा पोस्टमनने हातात दिला की घरातले वातावरण बदलते. कोणी म्हणते फाडून टाका, कोणी म्हणते ताबडतोब पैसे भरा. वकिलीच्या व्यवसायात मी एक गोष्ट सतत पाहतो. बहुतेकांनी नोटिशीतला धमकीचा शेवटचा परिच्छेद चार वेळा वाचलेला असतो आणि तारखा मात्र एकदाही पाहिलेल्या नसतात. आज आपण चेक न वटल्याची नोटीस घेऊ. दुकानदार, छोटे कंत्राटदार, हातउसने घेणारे नोकरदार यांच्याकडे ही नोटीस हमखास येते आणि तिची मुदत अगदी तोकडी असते.

माझ्याकडे आलेल्या एका कापड दुकानदाराचे उदाहरण सांगतो. नाव नको आणि आकडेही सोपे करून घेतो. त्यांनी घाऊक व्यापाऱ्याला मालापोटी १,२०,००० रुपयांचा पुढील तारखेचा चेक दिला होता. चेक बँकेत पडण्यापूर्वीच त्यांनी ४०,००० रुपये व्यापाऱ्याच्या खात्यात भरले. चेक मात्र बदलून घेतला नाही. व्यापाऱ्याने तो पूर्ण रकमेसाठी बँकेत टाकला आणि ‘अपुरी शिल्लक’ असा शेरा होऊन तो परत आला. मग तीन पानी नोटीस आली.

आधी पाहायचे, मागणारा कोण? नोटिशीवर सही वकिलाची असते, पण पैसे मागतो तो त्यांचा अशील. ‘आमच्या अशिलाने आम्हांस खबर दिली आहे की’ असे वाक्य पहिल्या पानावर असते, तिथले नाव पेन्सिलीने अधोरेखित करावे. मग चेक ज्याच्या नावाने दिला तोच हा माणूस किंवा तीच पेढी आहे ना, हे ताडून पाहावे. आणखी एक लक्षात ठेवावे. नोटीस म्हणजे कोर्टाचे समन्स नव्हे. ती आली म्हणजे खटला सुरू झाला असे नाही. उलट, खटला टाळण्याची संधी कायद्याने दिलेली असते, ती याच टप्प्यावर.

दुसरा प्रश्न, मागितले काय आहे? आमच्या दुकानदाराच्या नोटिशीत एकूण मागणी १,५७,००० रुपयांची होती. तिची फोड केली तेव्हा चेकचे १,२०,०००, व्याज ९,०००, मानसिक त्रासाबद्दल २५,००० आणि नोटिशीचा खर्च ३,००० असा हिशेब निघाला. चेक न वटणे हा गुन्हा ठरतो तो १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टच्या कलम १३८ खाली आणि त्या कलमाचा संबंध फक्त चेकच्या रकमेशी आहे. ती रक्कम मुदतीत दिली तर या कलमाखाली फिर्याद उभी राहत नाही. व्याज, त्रास, खर्च यांसाठी व्यापाऱ्याला हवे तर वेगळा दिवाणी दावा करावा लागतो. म्हणून एकूण बेरजेकडे पाहून घाबरू नये. चेकची रकम वेगळी काढावी.

इथे तर चेकच्या रकमेपैकीही ४०,००० आधीच दिलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका निकालात स्पष्ट केले आहे की, चेक बँकेत टाकण्यापूर्वी काही रक्कम फिटली असेल तर त्या फेडीची नोंद चेकवर करायला हवी. तशी नोंद न करता पूर्ण रकमेसाठी चेक टाकला आणि पूर्ण रकमेची नोटीस दिली, तर कलम १३८ चा आधार ढासळतो, कारण त्या दिवशी तेवढे देणेच शिल्लक नसते. पण ही गोष्ट बँकेच्या उताऱ्याने सिद्ध झाली पाहिजे. पावतीविना रोख दिलेले पैसे दाखवणे फार अवघड जाते.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मुदतीचा. चेक परत आल्याची खबर बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत व्यापाऱ्याने नोटीस द्यायला हवी. आमच्या उदाहरणात त्याला खबर मिळाली १२ मे रोजी आणि नोटीस पोस्टात पडली ६ जूनला, म्हणजे वेळेत. समजा ती उशिरा आली असती, तरी निर्धास्त राहता आले नसते. चेकची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा बँकेत टाकता येतो आणि पुन्हा परत आला की नवी नोटीस देता येते.

पैसे देण्यासाठी तुम्हाला १५ दिवस मिळतात. ते नोटिशीवर लिहिलेल्या तारखेपासून नव्हे, तर ती तुमच्या हाती पडल्यापासून मोजायचे. मिळाल्याचा दिवस सोडून द्यायचा. दुकानदारांना नोटीस १० जूनला मिळाली, म्हणून मुदत २५ जूनला संपली. नोटिशीत ‘सात दिवसांत भरा’ असे असले तरी कायद्याचे १५ दिवस कमी होत नाहीत. २५ जूनपर्यंत पैसे गेले नाहीत, तर पुढे एक महिना, म्हणजे २६ जुलैपर्यंत, फिर्याद दाखल करता येते. म्हणून लिफाफा टाकू नका, त्यावर मिळाल्याची तारीख लिहून तो जपून ठेवा. नोटीस घ्यायचे नाकारूनही सुटका होत नाही. पत्ता बरोबर असेल तर नाकारलेली नोटीस मिळाली असेच कायदा मानतो.

आता उत्तराचे मार्ग. देणे मान्य असेल तर चेकची रक्कम बँकेमार्फत पाठवावी आणि वकिलाला पत्राने कळवावे. देणे मुळीच मान्य नसेल तर कारणांसह नकार द्यावा. मात्र ‘मी कोरा सही केलेला चेक दिला होता’ एवढे लिहून भागत नाही. स्वखुशीने दिलेल्या सहीच्या चेकवर पुढचा मजकूर दुसऱ्याने भरला, तरी तो देण्यापोटीच होता असे कोर्ट गृहीत धरते. ते खोडून काढण्याची जबाबदारी आपली. हप्ते मागायचे असतील तर जरूर मागावेत, पण फोनवरच्या बोलण्याने १५ दिवस थांबत नाहीत. समोरच्याची संमती लेखी हवी. आणि उत्तरच दिले नाही तर? तो गुन्हा नाही, पण बचाव खरा होता तर तेव्हाच का सांगितला नाही, हा प्रश्न पुढे खटल्यात आपल्याविरुद्ध उभा राहतो.

दुकानदारांनी मधला मार्ग घेतला. १८ जूनला उरलेले ८०,००० रुपये खात्यात भरले. त्याच दिवशी व्यापाऱ्याच्या वकिलांना दीड पानाचे उत्तर पाठवले. त्यात चेकचा क्रमांक, ४०,००० भरल्याची तारीख, बँक उताऱ्याची प्रत, ८०,००० भरल्याचा तपशील आणि ‘बाकी मागण्या अमान्य’ एवढेच होते. व्यापाऱ्याच्या वागण्याबद्दल एक शब्दही नव्हता. रागाने लिहिलेले वाक्य पुढे उलटतपासणीत आपल्याच तोंडावर येते. पूर्वी असे उत्तर रजिस्टर पोस्टाने जाई. ती सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात सामावली गेली आहे, म्हणून उत्तर स्पीड पोस्टाने, पोच मागून पाठवावे आणि पावती नोटिशीलाच टाचून ठेवावी.

२६ जुलै उलटून गेला, फिर्याद झाली नाही. व्याजाचा वाद अजून दोघांत चालू आहे, पण तो वहीखात्याचा वाद आहे, फौजदारी कोर्टाचा नव्हे. आणि हो, दुकानदारांनी मूळ चेक परत मागून घेतला आहे. पैसे फिटले की हे काम त्याच दिवशी करावे.