संमती कागदावर घ्यावी

आमच्या महाविद्यालयाने काही वर्षांपूर्वी स्वतःविषयी एक लहानसा चित्रपट करावयाचे ठरविले. बारावी झालेल्या मुलामुलींनी व त्यांच्या पालकांनी तो पाहावा आणि प्रवेशासाठी आमच्याकडे यावे, एवढाच हेतू होता. मी मराठीचा अध्यापक. संहिता लिहिता येईल म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडले. पहिल्या वर्षी ते साफ फसले आणि दुसऱ्या वर्षी पार पडले. या दोन वर्षांत जे शिकलो, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

पहिल्या वर्षी आम्ही चित्रपट आधी केला आणि मग दाखविला. सभागृहात पुढच्या रांगेत संस्थाचालक, मागे विद्यार्थी प्रतिनिधी. पडद्यावर मुलींच्या वसतिगृहाची नवी इमारत आली. ती तेव्हा पायापर्यंतच झाली होती. आम्ही वास्तुविशारदाने काढलेले तिचे रंगीत चित्रच दाखविले होते. मागच्या रांगेत हशा पिकला. पुढे प्रयोगशाळेत कोऱ्या पांढऱ्या कोटांतली मुले दिसली, तेव्हा हशा वाढला. दिवे लागल्यावर अध्यक्षसाहेबांनी विचारले, “संस्थापकांचा पुतळा कुठे आहे?” विद्यार्थिनी प्रतिनिधी उठून म्हणाली, “सर, हे वसतिगृह पाहून कोणी मुलगी आली, तर तिला राहायला कुठे पाठवणार?”

दोघांचेही खरे होते, पण दुरुस्ती करणे हाताबाहेर गेले होते. वसतिगृहाचे दृश्य काढावे, तर त्यावरचे निवेदन अर्धवट तुटे. निवेदन बदलावे, तर चित्राच्या मापाने बसविलेले संगीत पुन्हा करावे लागे. नवे चित्रण करावे, तर मे महिना चालू होता. मुले घरी गेलेली, आवार उजाड. तो चित्रपट कपाटात गेला.

दोष छायाचित्रकाराचा नव्हता, संमती मागण्याच्या वेळेचा होता. कागदावरचे वाक्य खोडायला काही पडत नाही. तेच वाक्य चित्रित झाल्यावर खोडायला एक दिवस जातो, आणि संगीतासह जुळल्यावर खोडायला आठवडा. म्हणून दुसऱ्या वर्षी आम्ही तीन टप्प्यांवर संमती घेतली: एका पानाच्या टिपणावर, संहितेवर आणि कच्च्या जुळणीवर.

टिपणात चारच गोष्टी होत्या. चित्रपट कोणासाठी, तो पाहून त्याने काय करावे, लांबी किती आणि खर्च किती. पाचवी गोष्ट आम्ही मुद्दाम घातली : कोणाचा नकार कशावर चालेल. पैसा, संस्थेचा इतिहास आणि निकालाचे आकडे यांवर व्यवस्थापनाचा शब्द अखेरचा. वर्ग, वसतिगृह, ग्रंथालय, खानावळ यांत रोज काय घडते यावर विद्यार्थ्यांचा. दृश्य कोठून घ्यावे, किती वेळ ठेवावे, हे करणाऱ्याचे. ही वाटणी आधी झाली नाही, तर प्रत्येकजण प्रत्येक गोष्टीवर बोलतो.

हे टिपण आम्ही दोन्ही पक्षांना वेगवेगळे दाखविले नाही. वेगळे दाखविले की प्रत्येकजण आपली भर घालतो आणि दुसऱ्याची भर त्याला दिसत नाही. महाराष्ट्रात 2016 च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालय विकास समिती ठरवून दिली आहे, आणि तिच्यात व्यवस्थापनाबरोबर विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव यांनाही जागा आहे. आम्ही तिचीच बैठक धरली. जेथे परिषद नसेल तेथे वर्गप्रतिनिधींना बोलवावे. टेबल मात्र एकच असावे.

त्या बैठकीत मागण्या आल्या. व्यवस्थापनाला अकराही विभाग हवे होते आणि अध्यक्षसाहेबांचे दोन मिनिटांचे भाषण. मी फळ्यावर हिशेब मांडला. चित्रपट चार मिनिटांचा, म्हणजे 240 सेकंदांचा. अकरा विभागांना प्रत्येकी पंधरा सेकंद दिले, तर 165 सेकंद गेले. भाषणाचे 120. बेरीज 285; चित्रपट सुरू होण्याआधीच 45 सेकंदांनी संपला! कोणाचे मन न दुखविता हे काम त्या बेरजेने केले. विभाग तीन राहिले, बाकीच्यांची नावे शेवटी अक्षरांत आली, आणि भाषण वीस सेकंदांवर उतरले.

संहिता मी दोन रकान्यांत लिहिली : डावीकडे जे दिसेल ते, उजवीकडे जे ऐकू येईल ते. मराठी निवेदन सावकाश वाचले तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. चित्रालाही श्वास घेता यावा म्हणून मी चार मिनिटांत अडीचशे शब्दांवर गेलो नाही. प्रत्येक विधानासमोर त्याचा पुरावा देणारा कागद कोणता, हे पेन्सिलीने लिहिले. कागद नसेल ते विधान गळाले. वसतिगृहाचा प्रश्न येथेच पुन्हा निघाला. अध्यक्षसाहेबांना नवी इमारत हवीच होती. तिच्यासाठी त्यांनी दारोदार वर्गणी मागितली होती. विद्यार्थिनी प्रतिनिधी मान्य होईना. शेवटी मी जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियमनासाठी असलेल्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलचा शिक्षणसंस्थांविषयीचा नियम वाचून दाखविला : जी वास्तू दाखवायची ती जाहिरातीच्या वेळी खरोखर उभी असली पाहिजे. अध्यक्षसाहेब थोडा वेळ गप्प राहिले. मग त्या मुलीकडे वळून म्हणाले, “मग जुन्या वसतिगृहातले काय दाखवावे, ते तू सांग.” तिने सांगितले : रात्री साडेनऊला व्हरांड्यात एका लांब बाकावर दिव्याखाली अभ्यास करणाऱ्या मुली.

वेळेचे गणितही प्रतिनिधींवरच बेतावे लागते. त्यांची निवड होईपर्यंत ऑगस्ट सरतो आणि परीक्षा झाली की ते निघून जातात. म्हणून टिपण सप्टेंबरात, संहिता दिवाळीपूर्वी, चित्रण डिसेंबरात वर्ग भरलेले असताना, कच्ची जुळणी जानेवारीत आणि अखेरचे दर्शन फेब्रुवारीत. चित्रणाच्या दिवशी दिसणाऱ्या प्रत्येकाची लेखी परवानगी घेतली. अकरावी-बारावीच्या मुलांची त्यांच्या पालकांकडून.

कच्ची जुळणी दाखविताना एक खबरदारी घ्यावी. रंग जुळलेले नाहीत, संगीत नाही, निवेदन माझ्याच आवाजात आहे, हे आरंभीच सांगावे. नाही तर सारी चर्चा आवाजावर होते. आम्ही तीनच प्रश्न विचारले : काही खोटे आहे का, काही समजले नाही का, संमत संहितेतले काही राहिले का. उत्तरे लेखी, मिनिट व सेकंद लिहून, सात दिवसांत, एकाच व्यक्तीकडे. “जरा उठावदार करा” अशी सूचना मिनिट-सेकंदाच्या रकान्यात बसत नाही, म्हणून ती आपोआप गळते. एकूण नऊ सूचना आल्या. दोन परस्परविरोधी होत्या; त्या आम्ही टिपणातल्या वाटणीकडे बोट दाखवून सोडविल्या. मग चित्र पक्के केले, दोन्ही पक्षांच्या सह्या घेतल्या आणि त्यानंतरच संगीत बसविले.

या पद्धतीचेही एक उणे आहे. सर्वांना मान्य झालेल्या चित्रपटाला धार कमी असते. ग्रंथालय संध्याकाळी लवकर बंद होते, ही मुलांची तक्रार त्यात आली नाही. जाहिरातीत ती यावयाचीही नव्हती. पण संहितेच्या बैठकीत ती इतिवृत्तात नोंदली गेली आणि पुढच्या सत्रापासून ग्रंथालय रात्री आठपर्यंत उघडे राहू लागले.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. एक गृहस्थ मुलीला घेऊन आले आणि शिपायाला त्यांनी पहिलाच प्रश्न केला, “तो बाक असलेला व्हरांडा कोणता?” शिपायाने त्यांना तो नेऊन दाखविला.