आहे आणि असतो

अध्यक्षपद दिल्याबद्दल आभार. माझ्याहून योग्य माणसं होती, हे रिवाजाप्रमाणे म्हणतो आणि पुढे जातो.

निमंत्रणपत्रात लिहिलं होतं की अध्यक्षांनी माळव्यातल्या मराठी अध्यापनाचा वर्षभराचा आढावा घ्यावा. तो अकरा पानांचा आढावा माझ्या झोळीत आहे. जाताना घेऊन जा. आज मला एका क्रियापदाबद्दल बोलायचं आहे. तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवताना जे मनात साचलं, ते ऐकायला एवढी मराठी माणसं एका मांडवात पुन्हा कधी मिळणार?

आमच्या तर्कशास्त्राच्या परीक्षेत एक ठरलेला प्रश्न असायचा: पुढील वाक्यांचे प्रमाणित आकारात रूपांतर करा. ‘पक्षी उडतात’ हे वाक्य हमखास यायचं. आदर्श उत्तर ठरलेलं: ‘सर्व पक्षी उडणारे प्राणी आहेत.’ एका वर्षी एका मुलीने उत्तराच्या जागी लिहिलं, ‘या वाक्याचा असा आकार होत नाही. सर्व लिहिलं तर शहामृगामुळे वाक्य खोटं पडतं, आणि मूळ वाक्य तर खरं आहे.’ मी लाल पेनाने शून्य दिलं. दोन गुणांचा प्रश्न होता. मला शिकवलं तसं तपासलं, तरी दोष माझा. आज सांगतो, त्या मुलीचं बरोबर होतं.

तुम्ही म्हणाल, ‘सर्व’ नाही तर ‘बहुतेक’ म्हणा, मिटलं. आपल्यातल्या कितीतरी विद्वानांचं हेच मत आहे. या गटाला मी बहुतेकवाले म्हणतो. बहुतेकवाल्यांना मी बदक दाखवतो.

‘बदकं अंडी घालतात.’ खरं? खरं. ‘बदकं माद्या असतात.’ खरं? तुम्ही हसलात, म्हणजे खोटं. आता हिशेब करा. अंडी घालणारं प्रत्येक बदक मादी असतं, पण प्रत्येक मादी अंडी घालतेच असं नाही. पिल्लं आहेत, म्हाताऱ्या आहेत. म्हणजे माद्यांची संख्या अंडी घालणाऱ्यांहून कमी असूच शकत नाही. मग सर्व घ्या, बहुतेक घ्या, निम्मी घ्या, काही घ्या. ज्या मापात पहिलं वाक्य बसतं, त्या मापात दुसरं बसायलाच हवं. तरी पहिलं खरं आणि दुसरं खोटं. याचा अर्थ माप चुकीचं निवडलं असा नाही. ही वाक्यं मोजतच नाहीत, असा आहे. (आमचे एक स्नेही म्हणाले, मराठीत ही अडचण नाही, आपण कोंबडा आणि कोंबडी वेगळे म्हणतो. कोंबडीपुरतं ठीक आहे. बदकाला, कासवाला, सापाला आपण तेवढी सवलत दिलेली नाही.)

उलट्या टोकाला डास. ‘डास डेंग्यू पसरवतात’ असं आपण भिंतीवर रंगवतो. नर चावतच नाहीत, चावणाऱ्या माद्यांतही एडिस जातीच्याच, आणि त्यातही विषाणू अंगात असलेल्याच. उरल्या किती? सारा-जेन लेस्ली या अभ्यासक बाईंनी 2008 साली अशाच डासांच्या उदाहरणावरून दाखवलं, की धोक्याच्या बाबतीत मन मूठभर उदाहरणांवर अख्ख्या जातीवर शिक्का मारतं. बहुतेक डास निरुपद्रवी असले तरी ‘डास डेंग्यू पसरवत नाहीत’ असं भिंतीवर कोणी लिहिणार नाही.

दुसरा गट आहे सामान्यतःवाल्यांचा. त्यांचं म्हणणं असं, की वाक्य सामान्य, नेहमीसारख्या बदकाबद्दल असतं. अंड्यांचा विषय निघाला की फक्त माद्या डोळ्यांपुढे धरायच्या. हा गट हुशार आहे. त्यांना उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही, सरदारपूरच्या माळावर मिळालं. आपल्या धार जिल्ह्यातच खरमोराचं अभयारण्य आहे, ठाऊक असेलच. पावसाळ्यात एका चौकीदारासोबत गवतात बसलो होतो. तो म्हणाला, खरमोर उड्या मारतो. मी शिक्षक, गप्प कसा बसणार? विचारलं, सगळे मारतात? म्हणाला, नाही, नर मारतो, तेही याच दिवसांत, मादीला दाखवायला. म्हटलं, मग तुमचं वाक्य खोटं झालं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गवताला गवत म्हणायला विसरलोय. ‘खोटं कसं साहेब? खरमोर उड्या मारतोच. उड्या मारतो आणि अंडी जमिनीवर घालतो.’

या शेवटच्या वाक्यापाशी मी अडकलो, आणि अजून तिथेच आहे. कर्ता एक, क्रियापदं दोन. उड्या नर मारतो, अंडी मादी घालते. दोन्ही गोष्टी करणारा एकही खरमोर जगात नाही. मग सामान्यतःवाल्यांनी कोणता सामान्य खरमोर डोळ्यांपुढे धरायचा? नर धरला तर अंडी गेली, मादी धरली तर उड्या गेल्या. वाक्य मात्र सरळ उभं आहे, कारण ते कुठल्याच एका पक्ष्याबद्दल नाही. ते खरमोर या जातीबद्दल आहे. 1977 साली ग्रेग कार्लसन यांनी आपल्या प्रबंधात इंग्रजीबद्दल हेच मांडलं: अशा वाक्यांतलं नाम हे जातीचं नाव असतं. आपल्याकडे पाणिनीने याच्या फार आधी एक सूत्र केलं, की जातीबद्दल बोलताना एकवचनाच्या जागी अनेकवचन विकल्पाने चालतं. ‘आंबा गोड असतो’, ‘आंबे गोड असतात’, अर्थ तोच. एक आणि अनेक यांत जिथे फरक उरत नाही, तिथे मोजणी चाललेली नाही हे उघड आहे.

आता माझी तक्रार. आंब्यांची एक टोपली आणा. त्यातला प्रत्येक आंबा चाखा, प्रत्येक गोड निघू द्या. तुम्ही काय म्हणाल? ‘या टोपलीतले आंबे गोड आहेत.’ ‘गोड असतात’ म्हणणार नाही. शंभरातले शंभर गोड असूनही नाही. आणि ‘आंबा गोड असतो’ हे तुम्ही आंबट आंबा चोखता चोखता म्हणाल. मराठी बाईला हे शिकवावं लागत नाही. ‘हा आंबा गोड आहे’ म्हणजे हातातला. ‘हा आंबा गोड असतो’ म्हटलं की बोट त्याच आंब्याकडे, पण बोलणं साऱ्या वाणाबद्दल. ‘आहे’ समोरच्या वस्तूचं, ‘असतो’ तिच्या स्वभावाचं. धार-देवासची आपली मुलं शेजाऱ्यांशी हिंदीत बोलताना ‘है’ आणि ‘होता है’ यांतही हाच फरक बिनचूक पाळतात.

आणि तर्कशास्त्राच्या मराठी पुस्तकांनी काय केलं? प्रमाणित आकारात ‘आहे’ किंवा ‘आहेत’च हवं, असा दंडक घातला. ‘सर्व मनुष्य मर्त्य आहेत.’ ‘असतो’ला दारातच चपला काढून उभं केलं. जी भाषा हा भेद रोज जिभेवर खेळवते, त्या भाषेतल्या मुलांना आपण तो विसरायला गुण देतो. ही माझी तक्रार. तीस वर्षं झाली.

एक कबुली द्यायला हवी, नाहीतर चहाच्या वेळी कोणीतरी पकडेल. ‘असतो’ ही सगळ्या कुलपांची किल्ली नाही. ‘खरमोर दुर्मिळ आहे’ हे वाक्य जातीबद्दलच आहे, कुठलाच एकटा खरमोर दुर्मिळ नसतो, तरी तिथे ‘आहे’ येतं. ‘पक्षी उडतात’मध्ये ‘असतो’ नाहीच, ते काम ‘उडत आहेत’ आणि ‘उडतात’ यांच्यातल्या फरकावर चालतं. शिवाय ‘असतो’ स्वतः मोजमापाचा शब्द नाही. ‘काही आंबे आंबट असतात’ असंही आपण म्हणतोच. तर्कवेत्ते वाक्यात एक अदृश्य शब्द मानतात, जो ‘सर्व’ आणि ‘काही’च्या जागी बसतो पण उच्चारला जात नाही. तो नेमकं करतो काय, यावर त्यांचं एकमत नाही. मला त्या अदृश्य पाहुण्याबद्दल शंका आहे.

कारण केरसुणी. धारला आमच्या घरी आजी म्हणायची, ‘दिवेलागणीला केर काढत नाहीत.’ कधी म्हणायची? कोणीतरी दिवेलागणीला केर काढत असताना. एरवी कशाला म्हणेल? अपवाद डोळ्यांसमोर चालू आहे आणि त्याच्याच तोंडावर हे वाक्य फेकलं जातंय. अख्खं धार त्या वेळी झाडत असतं, तरी आजीचं वाक्य खोटं पडलं नसतं. आपण ज्या नालछ्यात बसलो आहोत, तिथे तेराव्या शतकात पंडित आशाधर राहिले. सागारधर्मामृतासारखा ग्रंथ, गृहस्थ श्रावकाने कसं वागावं हे सांगणारा, त्यांनी लिहिला. श्रावक रात्री जेवत नाही, हे वाक्य नालछ्याच्या घरोघरी जाऊन कोण किती वाजता जेवलं ते मोजून खोटं ठरवता येईल का? न्यायशास्त्रात ‘जिथे धूर तिथे अग्नी’ ही व्याप्ती एका व्यभिचाराने मोडते. आजीचं वाक्य शंभरांनी मोडत नाही. दोन्हींना ‘सर्व’च्या एकाच साच्यात ओतणाऱ्याला दोन्ही कळलेली नाहीत.

आणि इथेच माझा राग थोडा वाढतो, कारण या न मोडण्यात विषही आहे. शिक्षकांच्या खोलीत मी ऐकलंय: ‘त्या वस्तीतली मुलं गणितात कच्ची असतात.’ त्याच वस्तीतला मुलगा वर्गात पहिला आला. वाक्य हललं का? ‘तो अपवाद’ म्हणून त्याला बाजूला काढलं. ‘सर्व मुलं कच्ची आहेत’ असं कोणी म्हटलं असतं, तर त्या एका मुलाने ते पाडलं असतं. मानसशास्त्राच्या प्रयोगांत दिसलंय, की अशी वाक्यं लोक थोड्याशा पुराव्यावर मान्य करतात, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की जवळजवळ सगळेच तसे असणार असा अर्थ लावतात. घेताना चिमूटभर, देताना पोतं. म्हणून शिक्षकाने ‘असतात’ म्हणताना जीभ आवरावी. ‘आहेत’ म्हणावं आणि नावं सांगावीत.

आता पुढच्या कामांबद्दल. पुढच्या वर्षापर्यंत आपण घरोघरची ‘असतो’ची आणि ‘करत नाहीत’ची वाक्यं गोळा करावीत, कोण बोललं, कोणाला, आणि त्या वेळी समोर काय चाललं होतं, एवढं लिहावं. वही कशी आखायची, कोणी तपासायची, ते बसून ठरवू. देवासच्या मंडळींनी पुढाकार घ्यावा, असं मी सुचवतो. त्यांना मी अजून विचारलेलं नाही.

त्या मुलीचे दोन गुण आता कुठे भरून द्यायचे ते मला कळत नाही. तिचं नाव उत्तरपत्रिकेवर नव्हतं, नुसता क्रमांक होता. अक्षर मात्र आठवतं: गोल, आणि ‘पक्षी’तला क्ष थोडा मोठा.