दुसऱ्याचे शब्द आणि आपले वाक्य



संस्थेची स्मरणिका, गावाचा इतिहास, एखादे निवेदन किंवा वर्तमानपत्राला पत्र लिहिण्याची वेळ आपल्यापैकी पुष्कळांवर येते. समोर जुने कागद असतात आणि प्रश्न पडतो, की त्यांतला मजकूर आपल्या लेखात आणावा कसा? वाटा तीन आहेत. मूळ शब्द जसेच्या तसे उतरवून घेणे, हे अवतरण. मूळ म्हणणे तेवढ्याच तपशिलाने पण आपल्या भाषेत सांगणे, याला आम्ही शब्दांतर म्हणू. आणि लांब मजकुराचा गाभा तेवढा थोडक्यात देणे, हा सारांश. यांतली कोणती वाट केव्हा धरावी आणि ती धरल्यावर आपले वाक्य मोडू नये म्हणून काय करावे, एवढेच आज आम्हांला सांगावयाचे आहे.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक नमुना घेऊ. तो आम्हीच रचला आहे. पण नगरपालिकेच्या जुन्या अहवालात शोभेल असा आहे. पाण्याची चौकशी करणारी एक समिती लिहिते:

“पूर्व भागातील १२ विहिरींपैकी ९ विहिरी मार्चअखेर आटतात. उरलेल्या विहिरींचे पाणी पिण्यास योग्य आहे, असे आम्ही म्हणू शकत नाही. नळयोजनेचा खर्च नगरपालिकेस आजच्या उत्पन्नात झेपणारा नाही. मात्र कर्ज मिळाल्यास योजना तीन वर्षांत पुरी होईल.”

आता गावाचा इतिहास लिहिणारे एक गृहस्थ याचा सारांश असा करतात: ‘नळयोजना नगरपालिकेला झेपणार नाही, असे समितीने कळविले.’ यातला शब्द न् शब्द कागदाला धरून आहे, आणि तरीही समितीचे म्हणणे उलटे झाले आहे. समिती योजनेला वाट काढून देत होती. या गृहस्थांनी तिला योजनेच्या विरोधात उभे केले. चूक झाली ती ‘मात्र’ या एका शब्दापाशी. सारांश करताना माणूस पहिले ठळक विधान उचलतो आणि त्याला घातलेली मर्यादा सोडून देतो. म्हणून सारांशाला बसण्यापूर्वी मूळ कागदावर ‘मात्र’, ‘जर’, ‘बहुधा’, ‘कदाचित’ अशा शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. सारांश कितीही आखूड असो, या रेघांचा अर्थ त्यात उतरलाच पाहिजे. ‘कर्ज मिळाले तर नळयोजना शक्य आहे, असे समितीचे मत होते’, हा सारांश वरच्या वाक्यापेक्षा फारसा लांब नाही, पण खरा आहे.

सारांश पुरतो केव्हा? मूळ मजकूर आपल्या विवेचनाची केवळ पार्श्वभूमी असेल तेव्हा. तपशिलावर पुढे आपल्याला काही उभारायचे असेल, तर शब्दांतर हवे. किती विहिरी आटत होत्या यावरून पुढचा हिशेब मांडायचा असेल, तर १२ आणि ९ हे आकडे आलेच पाहिजेत. शब्दांतर म्हणजे ‘आटतात’च्या जागी ‘कोरड्या पडतात’ घालणे नव्हे. तसे केले, की वाक्याचा सांगाडा दुसऱ्याचा आणि कपडे तेवढे आपले, असा प्रकार होतो. मूळ परिच्छेद दोनदा वाचावा, कागद पालथा घालावा, समोर बसलेल्या माणसाला सांगावे तसे लिहावे, आणि मग कागद उलटून ताडून पाहावे. अर्थ बदलला असेल तर तो तिथेच दिसतो. अवतरणचिन्हे नसली, तरी समितीचे नाव घेणे मात्र सुटत नाही.

ताडून पाहताना आपल्या नमुन्यातले मधले वाक्य अडते. ‘उरलेल्या विहिरींचे पाणी पिण्यास अयोग्य होते’, असे शब्दांतर कोणीही सहज करील. पण समिती तसे म्हणत नाही. ती फक्त ग्वाही देण्याचे नाकारते. पाणी तपासले होते की नाही, हेही त्यावरून ठरत नाही. शब्द हलविला की अर्थ हलतो, अशा जागी अवतरणच द्यावे.

ज्या वेळी वादच शब्दावर असतो, त्या वेळीही तेच. लोकमान्य टिळकांवर १९०८ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला, तो ‘केसरी’तल्या मराठी लेखांवरून. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. त्यांच्यापुढे निकालासाठी ठेवली गेली ती लेखांची इंग्रजी भाषांतरे. ही भाषांतरे मूळ अर्थ विपर्यस्त करतात, असे टिळकांनी स्वतः उभे राहून परोपरीने सांगितले. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. भाषांतर हेही एक शब्दांतरच. ज्याला मूळ शब्द वाचताच येत नाही, त्याला दुसऱ्याच्या शब्दांवर विसंबावे लागते. आपला वाचक मूळ कागद पाहणार नसतो, तेव्हा त्याचीही गत तीच.

आता जोडकामाकडे वळू. मराठीत तीन ठिकाणी सांधा निखळतो.

पहिले ठिकाण सर्वनामाचे. मराठीत ‘की’ आल्यावर बोलणाऱ्याचे सर्वनाम बहुधा तसेच राहते. ‘समितीने लिहिले, की आम्ही पाणी योग्य म्हणू शकत नाही.’ यातला ‘आम्ही’ कोण? समिती, की लेखक? चिन्हांत घातले तर शंका उरत नाही. नसेल घालायचे, तर ‘पाणी योग्य असल्याची ग्वाही देण्यास समिती तयार नव्हती’, असे फिरवून लिहावे. ‘आजच्या उत्पन्नात’ याचेही असेच. चिन्हांबाहेर आले, की ते ‘त्या वेळच्या उत्पन्नात’ झाले पाहिजे.

दुसरे ठिकाण लिंग-वचनाचे. ‘योजना नगरपालिकेस “झेपणारा नाही”’, असे छापलेले आढळते. मुळात ‘झेपणारा’ हे खर्चाला धरून आले होते. योजनेपाशी ते लंगडते. चिन्हांतल्या अक्षराला हात लावता येत नाही, तेव्हा आपले वाक्यच बदलावे: ‘योजनेचा खर्च समितीला “झेपणारा” वाटला नाही.’ तसेच उचललेल्या नामाला प्रत्यय लावून त्याचे रूप मोडण्यापेक्षा ‘“कर्ज” या शब्दाला’ असे म्हणावे; प्रत्यय ‘शब्द’ उचलतो.

तिसरे ठिकाण शेवटचे. आपले क्रियापद वाक्याच्या अखेरीस येते. चार ओळींनंतर ‘असे समिती म्हणते’ वाचेपर्यंत वाचक ते लेखकाचेच मत समजत राहतो. म्हणून आरंभी ‘समितीच्या मते’ लिहावे, आणि तिचे म्हणणे जिथे संपले तिथे खूण करून मगच आपले सुरू करावे. क्रियापदही तोलून वापरावे. ‘समिती मान्य करते’ म्हटले, की आधी कोणी आरोप केला होता असा भास होतो. ‘दावा करते’ म्हटले, की तुमचा अविश्वास दिसतो. तसे काही नसेल तर ‘म्हणते’ किंवा ‘नोंदविते’ पुरे.

तिन्ही धागे एकत्र विणले, तर आपला परिच्छेद असा होईल: ‘पूर्व भागात पाण्याचे हाल होते. समितीच्या नोंदीप्रमाणे १२ विहिरींपैकी ९ विहिरी मार्चअखेर कोरड्या पडत. उरलेल्यांविषयी तिने हात राखून लिहिले, की त्यांचे पाणी “पिण्यास योग्य आहे, असे आम्ही म्हणू शकत नाही”. हे पाणी तपासले होते की नाही, याचा उलगडा अहवालात होत नाही. कर्ज मिळाल्यास नळयोजना तीन वर्षांत होईल, असा समितीचा अंदाज होता.’ यात सारांश आहे, शब्दांतर आहे, आणि अवतरण आहे ते एकाच जागी, जिथे त्यावाचून गत्यंतर नव्हते. अवतरणानंतरचे वाक्य लेखकाचे आहे. त्याने उतारा का घेतला, हे तिथे कळते. ते वाक्य सुचत नसेल, तर उतारा बहुधा नकोच होता.

समितीचे सभासद हयात असते आणि हा परिच्छेद त्यांना वाचून दाखविला असता, तर ‘होय, आम्ही हेच म्हटले होते’, असे ते म्हणाले असते. दुसऱ्याचे शब्द वापरणाऱ्याने एवढी कसोटी स्वतःला लावून पाहावी, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.