बटण चुकलं की समज चुकली?



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. लोक ज्या पडद्यांवर बोट ठेवतात ते पडदे बनवणं हे माझं रोजचं काम. आज मी तुम्हाला एका क्लिकची गोष्ट सांगणार आहे. पण सुरुवात घरातून करू.

आमच्या अम्मीच्या स्वयंपाकघरात साखरेचा आणि मिठाचा डबा सारखाच होता. एकाच दुकानातून आणलेले, एकाच फळीवर शेजारी ठेवलेले. एकदा पाहुण्यांच्या चहात मीठ पडलं. अम्मीला साखरच घालायची होती, पण हात दुसऱ्या डब्याकडे गेला. आणखी एकदा वेगळंच झालं. खालांकडची मंडळी शनिवारी जेवायला येणार असं अम्मीनं फोनवर ऐकलं. तिनं बाराजणांची बिर्याणी केली, नेहमीसारखी उत्तम केली. मंडळी यायची होती रविवारी.

दोन्ही चुकाच. पण पहिल्या वेळी हेतू बरोबर होता आणि हात चुकला. दुसऱ्या वेळी हातानं सगळं नीट केलं, ठरवलेलंच चुकीचं होतं. या विषयाचा अभ्यास करणारे पहिल्या प्रकाराला स्लिप म्हणतात आणि दुसऱ्याला मिस्टेक. डोनाल्ड नॉर्मन आणि जेम्स रीझन या मानसशास्त्रज्ञांनी हा फरक नीट मांडला. मी आज हातचूक आणि समजचूक असे शब्द वापरतो.

हा फरक कशासाठी करायचा? कारण एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. डबे वेगवेगळ्या रंगांचे आणले तर चहात मीठ पडणार नाही, पण बिर्याणी शनिवारीच शिजेल.

आता हातचुकीचं यंत्रातलं उदाहरण. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ नावाची बॉम्बफेकी विमानं होती. त्यातले काही वैमानिक विमान सुखरूप उतरवायचे आणि मग धावपट्टीवर असतानाच चाकं आत ओढून घ्यायचे. विमान पोटावर आपटायचं. नोंद व्हायची, 'वैमानिकाची चूक'. 1943 मध्ये आल्फोन्स चपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाकडे हा प्रश्न आला. त्याच्या लक्षात आलं की मालवाहू सी-४७ विमानांच्या वैमानिकांकडून ही चूक होतच नाही. माणसं सारखीच, प्रशिक्षणही तसंच. मग फरक कुठे?

तो विमानात जाऊन बसला तेव्हा उत्तर समोर होतं. उतरल्यानंतर वैमानिकाला फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या झडपा, आत घ्यायच्या असतात. बी-१७ मध्ये फ्लॅपचा खटका आणि चाकांचा खटका एकसारखे आणि शेजारी शेजारी होते. सी-४७ मध्ये ते तसे नव्हते. थकलेला वैमानिक फ्लॅपच आवरायला जात होता. आमच्या अम्मीचे डबेच म्हणा ना.

चपानिसनं सुचवलेला उपाय साधा होता. चाकांच्या खटक्याच्या टोकाला छोटं रबरी चाक बसवायचं आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा. म्हणजे न बघताही बोटांना कळेल की आपण काय धरलंय. चूक थांबली. आजही प्रवासी विमानात चाकांच्या दांड्याची मूठ चाकाच्या आकाराची असते. पुढे आणखी एक कुलूप आलं. विमानाचा भार चाकांवर आहे तोवर तो दांडा वर जातच नाही. आधी बोटाला ओळख दिली, मग यंत्रालाच नकार द्यायला शिकवलं.

आता ती क्लिकची गोष्ट.

13 जानेवारी 2018, शनिवार. प्रशांत महासागरातलं अमेरिकेचं हवाई राज्य. सकाळी 8 वाजून 7 मिनिटांनी राज्यभर मोबाइल वाजले. पडद्यावर लिहिलं होतं: क्षेपणास्त्र हवाईच्या दिशेनं येत आहे, ताबडतोब आसरा घ्या, हा सराव नाही. उत्तर कोरियाच्या चाचण्यांमुळे वातावरण आधीच तापलेलं. लोक सैरावैरा पळाले, काहींनी मुलांना रस्त्यावरच्या गटारात उतरवलं, काहींनी घरच्यांना निरोपाचे फोन केले. क्षेपणास्त्र नव्हतंच. पण तसं सांगणारा संदेश मोबाइलवर यायला 38 मिनिटं लागली.

त्याच दिवशी राज्यपालांनी कारण सांगितलं: पाळी बदलताना एका कर्मचाऱ्यानं चुकीचं बटण दाबलं. म्हणजे हातचूक. सर्वांना ते पटलंही, कारण पडदा खरोखर वाईट होता. सराव आणि खरा इशारा एकाच यादीत होते. निवड केल्यावर एक खिडकी उघडायची, 'हा इशारा पाठवायचा आहे, नक्की ना?' आणि चाचणी असो की खरा इशारा, तिच्यातला मजकूर तोच असायचा. जगभरातल्या डिझायनरांनी यादी कशी मांडायला हवी होती याची चित्रं काढली. मीही तेव्हा सहकाऱ्यांना तावातावानं तेच समजावलं होतं.

त्या महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या केंद्रीय दळणवळण आयोगाचा प्राथमिक अहवाल आला आणि गोष्ट उलटली. त्या कर्मचाऱ्याचं लेखी म्हणणं होतं की त्यानं चुकीचं काही दाबलं नव्हतं. हल्ला खरा आहे असं समजून त्यानं खरा इशाराच निवडला होता.

झालं असं. रात्रपाळीच्या पर्यवेक्षकानं पाळी बदलताना अचानक सराव घ्यायचं ठरवलं. दिवसपाळीच्या पर्यवेक्षकाला वाटलं की सराव फक्त रात्रपाळीचा आहे, त्यामुळे आपल्या माणसांवर लक्ष ठेवायला तो जागेवर नव्हता. लष्करी मुख्यालयातून फोन आल्याचं नाटक करून ध्वनिमुद्रित संदेश ऐकवला गेला. त्याच्या सुरुवातीला आणि शेवटी 'सराव, सराव, सराव' असे शब्द होते, पण मध्ये 'हा सराव नाही' हे वाक्यही होतं. सरावाच्या ठरलेल्या मजकुरात ते नसायला हवं होतं. या कर्मचाऱ्यानं 'हा सराव नाही' ऐकलं, बाकीचे शब्द ऐकले नाहीत असं त्याचं म्हणणं. ही समजचूक, अम्मीच्या शनिवारसारखी.

आता विचार करा, त्या पडद्यानं त्याला विचारलं, 'नक्की ना?' तो काय म्हणणार? त्याला पक्की खात्री होती. त्यानं 'हो' दाबलं. यादी सुंदर असती, खरा इशारा लाल रंगात वेगळा असता, तरी त्यानं तोच लाल पर्याय निवडला असता, कदाचित जास्त लवकर.

हातचूक आणि समजचूक ओळखण्याची एक खूण इथे सापडते. हातचुकीत माणूस आपल्याच कृतीनं चमकतो: 'अरे, हे मी काय केलं?' चहाचा पहिला घोट घेताच कळतं. समजचुकीत त्याला काहीच खटकत नाही, कारण जे घडतंय ते त्याच्या अपेक्षेप्रमाणेच घडतंय. मोबाइल वाजले, त्याला वाजवायचेच होते. म्हणून समजचूक स्वतःची स्वतःला सापडत नाही, दुसऱ्या माणसाला सापडते. त्या खोलीतल्या इतरांना हा सराव आहे हे कळलं होतं. पण त्यांना विचारल्याशिवाय एकटा माणूस साऱ्या राज्याला इशारा पाठवू शकत होता.

म्हणून उपायही वेगळे निघाले. त्या घटनेनंतर इशारा पाठवायला, अगदी चाचणीलाही, दोन माणसं लागतील असा नियम झाला. इथे एक बारकावा आहे. दुसऱ्या माणसानं पहिल्याचं ऐकून मान डोलावली तर उपयोग शून्य. त्यानं स्वतः, वेगळ्या मार्गानं खात्री करायला हवी.

दुसरा उपाय मागे फिरण्याचा. लष्कराशी बोलून क्षेपणास्त्र नाही हे तीन मिनिटांत स्पष्ट झालं होतं. मग 38 मिनिटं का? कारण चुकीचा इशारा मागे घेण्याचा तयार मजकूरच प्रणालीत नव्हता. तो नव्यानं लिहावा लागला, पाठवायची परवानगी आहे का याची चौकशी करावी लागली. नंतर रद्द करण्याचा संदेश तयार ठेवण्यात आला. चूक कुठल्याही जातीची असो, परतीचा रस्ता दोन्हींना उपयोगी पडतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. राज्याच्या चौकशीत असंही म्हटलं गेलं की या कर्मचाऱ्याचा सराव आणि प्रत्यक्ष घटना यांत आधीही घोळ झाला होता. त्याला कामावरून काढलं. माणसामाणसांत फरक असतो, डिझाइननं तो पुसता येत नाही. पण त्याच्या जागी दुसरा बसवला आणि बाकी सगळं तसंच ठेवलं असतं तर तो संदेश, ती यादी आणि तो परतीचा न बांधलेला रस्ता पुढच्याची वाट बघत राहिला असता.

आता माझी स्वतःची फजिती. एका कंपनीत माझ्यासमोर दोन काळ्या खिडक्या उघड्या होत्या, एक चाचणीची, दुसरी खऱ्या ग्राहकांच्या माहितीची. दिसायला जुळ्या बहिणी. चाचणीतल्या जुन्या नोंदी पुसायच्या होत्या. यंत्रानं विचारलं, `Are you sure? (y/n)`. माझं बोट `y` वर आधीच पोचलं होतं, कारण दिवसातून वीस वेळा मी तेच दाबायचो. एन्टर दाबल्याच्या दुसऱ्या क्षणी पोटात गोळा आला.

ती हातचूक होती, म्हणून उपाय चपानिसच्या घराण्यातले. खऱ्या माहितीच्या खिडकीची पार्श्वभूमी आम्ही गडद लाल केली. पुसण्याआधी 'हो'ऐवजी त्या डेटाबेसचं पूर्ण नाव टाइप करायची अट घातली. नाव टाइप करताना डोळ्यांना ते वाचावं लागतं, सवयीचं बोट तिथे अडतं. आणि पुसलेली नोंद लगेच नष्ट न करता तीस दिवस बाजूला ठेवायला लागलो.

पण हीच नोंद मी 'ही चाचणीचीच आहे' असं एखाद्या जुन्या कागदावरून समजून पुसली असती, तर मी लाल खिडकीत, पूर्ण नाव टाइप करून, शांतपणे पुसली असती. या उपायांपैकी फक्त शेवटचा कामी आला असता.

तुमच्यापैकी कुणी दवाखान्यात काम करतं, कुणी कारखान्यात, कुणी बँकेत. उद्या तिथे काही बिघडेल आणि कुणीतरी म्हणेल, 'अमक्यानं चुकीचं बटण दाबलं.' त्या अमक्याला बाजूला घेऊन आधी एवढंच विचारा: 'त्या क्षणी तुला काय करायचं होतं?' तो म्हणाला, 'दुसरंच काहीतरी,' तर बटणांकडे बघा. तो म्हणाला, 'हेच करायचं होतं,' तर त्याच्यापर्यंत कोणती माहिती, कुठून आणि कशी पोचली होती, तिकडे बघा.