यंत्र विकणारी कंपनी कोणती?

आपल्या सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीची किर्लोस्कर ब्रदर्स 2003 साली इंग्लंडमध्ये उतरली, ती तिथली एसपीपी पंप्स ही कंपनी विकत घेऊन. मालकी इथली, पण एसपीपी कायद्यानं वेगळी इंग्रज कंपनी राहिली. तिचे करार तिच्या नावावर, तिची देणीही तिच्याच माथी. मूळ कंपनीनं स्वतः हमी दिली असेल तरच ती देणी इथवर येतात.

परदेशी कंपनी आपल्याकडे येते तेव्हा हाच मामला उलट्या बाजूनं समजून घ्यावा लागतो. तिच्यापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. एक, रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार इथं शाखा उघडायची. त्यासाठी मूळ कंपनी आधीची 5 वर्षं नफ्यात असावी लागते आणि तिची निव्वळ मालमत्ता किमान 1 लाख डॉलर लागते. शाखेला आयात-निर्यात करता येते, विकलेल्या मालाची तांत्रिक सेवा देता येते. पण विशेष आर्थिक क्षेत्र सोडलं तर स्वतः उत्पादन करता येत नाही. म्हणून ज्यांना इथं कारखाना काढायचा आहे ते दुसरी वाट धरतात: भारतात नवी कंपनी नोंदवून तिचे सगळे शेअर स्वतःकडे ठेवायचे. खासगी कंपनीला दोन भागधारक लागतात, त्यामुळे एखादा शेअर दुसऱ्याच्या नावावर असतो. मालकी मात्र पूर्ण त्यांचीच.

आता एक उदाहरण घेऊ. तासगावचा एक कोल्ड स्टोरेजवाला एका परदेशी कंपनीकडून शीतकरणाची यंत्रणा घेतो, असं समजा. भर उन्हाळ्यात यंत्रणेतल्या दोषानं थंडावा जातो, शेतकऱ्यांचा हिरवा बेदाणा काळपट पडतो आणि 2 कोटींचं नुकसान होतं. दोष यंत्राचाच होता हे कोर्टात सिद्धही होतं. पैसे कोण देणार?

विकणारी शाखा असेल तर उत्तर सरळ आहे. शाखेला कायद्यानं वेगळं अस्तित्व नाही. देणं मूळ कंपनीचंच, तिच्या जगभरच्या मालमत्तेसकट. विकणारी उपकंपनी असेल आणि तिच्याकडे इथं बँकेतली शिल्लक, माल, येणी मिळून 35 लाखच असतील, तर वसुली त्या 35 लाखांतूनच, तीही तिच्या इतर देणेकऱ्यांबरोबर वाटून घेऊन. बरेच लोक समजतात की वसुलीची मर्यादा भागभांडवलाएवढी. तसं नाही, उपकंपनीकडे जे आहे ते सगळं पणाला लागतं. पण ते कितीही कमी असू शकतं, कारण खासगी कंपनीला किमान 1 लाख भांडवलाची अट होती ती 2015 साली काढून टाकली गेली. उपकंपनीचा पडदा सारून मागच्या मालकाला धरायला न्यायालयं सहजी तयार होत नाहीत. कंपनी फसवणुकीसाठीच उभी केली होती, असं काही दाखवावं लागतं. पूर्ण मालकी आहे एवढं कारण पुरत नाही.

शाखेच्या बाबतीतही एक अडचण आहे, ती वसुलीची. भारतीय कोर्टाचा हुकूमनामा इंग्लंडमध्ये नोंदवून अंमलात आणता येतो. जर्मनी किंवा अमेरिकेशी आपली तशी व्यवस्था नाही. लवादाचा निवाडा मात्र या तिन्ही देशांत चालतो, कारण ते 1958 च्या न्यूयॉर्क कराराचे सदस्य आहेत. म्हणून अशा खरेदीच्या करारात लवादाचं कलम असलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

समोर शाखा आहे की उपकंपनी, हे बिलावरून कळतं. उपकंपनीच्या कागदावर 21 अक्षरी नोंदणी क्रमांक असतो, खासगी कंपनी असल्यास यू या अक्षरानं सुरू होणारा. परदेशी कंपनीला 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 382 प्रमाणे आपल्या बिलांवर आणि पत्रांवर नाव आणि ती कोणत्या देशात नोंदली आहे ते छापावं लागतं. कार्यालयाबाहेरच्या फलकावर हीच माहिती इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही, म्हणजे सांगली-साताऱ्यात मराठीत, लिहावी लागते. विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर छापलेलं जगप्रसिद्ध नाव आणि बिलावरचं नाव एकच आहे असं गृहीत धरू नका.

बिल उपकंपनीचं निघालं तर व्यवहार मोडायची गरज नाही. पैसे देण्यापूर्वी मूळ कंपनीची लेखी हमी मागा, आणि ती नाही म्हणाली तर वॉरंटीच्या मुदतीपुरती बँक गॅरंटी मागा. यंत्र बसल्यावर आणि पूर्ण रक्कम गेल्यावर यातलं काहीच मिळत नाही, म्हणून हे बोलणं ऑर्डर देण्याआधीच करा.