धाप, पंखा आणि चार शब्दांचे बोलणे
(प्राथमिक आरोग्य केंद्रातील मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



मी वैद्यक शिकलेला मनुष्य नाही. तरीही आज धापेवर बोलण्यास उभा राहिलो, याचे कारण माझी मावशी आहे. सत्तरी तालुक्यात पन्नास वर्षे तिने ओल्या लाकडांच्या चुलीवर रांधले. विडीला तिने कधी हात लावला नाही, पण धुराने तिची फुप्फुसे निकामी केली. या विकाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. शेवटच्या वर्षात पडवीतून न्हाणीपर्यंतची दहा पावले चालली, तरी तिला बोलण्यापुरता श्वास उरत नसे. फवारा, गोळ्या, प्राणवायू हे सर्व चालूच होते. तपासणीअंती डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितले, "फुप्फुसे आता सुधारणार नाहीत. पण धाप कमी करता येईल. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत." आजचे माझे सारे बोलणे या वाक्याभोवतीच आहे.

प्रथम पंख्याविषयी सांगतो. गालांवर, नाकाजवळ आणि वरच्या ओठावर गार वारा लागला की चेहऱ्याच्या मज्जातंतूंकडून मेंदूस संदेश जातो आणि गुदमरल्याची जाणीव सौम्य होते. रक्तातील प्राणवायू त्याने वाढत नाही, कमी होते ती जाणीव. आणि रुग्णाला छळते ती जाणीवच. बॅटरीवर चालणारा छोटा पंखा चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरावा, वारा नाकाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फिरवावा आणि पाच मिनिटे थांबावे. विंझणा चालेल, पण तो रुग्णाने स्वतः हलवू नये. हात हलवण्याच्या श्रमानेच धाप वाढते. मावशीचा पंखा उशाशी दोरीने बांधलेला असे. रात्री दचकून उठली की अंधारातही तो तिच्या हाताशी लागावा, हा त्यातला हेतू.

दुसरी गोष्ट बेताने काम करण्याची. दम लागल्यावर थांबणे ही आपली सवय. दम लागण्यापूर्वी थांबणे, हे शिकावे लागते. मावशीच्या स्नानाचेच उदाहरण घ्या. पहाटे उठताच उभ्याने तांब्याने पाणी घ्यावे, ही तिची रीत होती. डॉक्टरबाईंनी स्नान दहा वाजता ठेवले, त्याआधी अर्धा तास विश्रांती दिली. न्हाणीत उंच स्टूल आणि पाण्याची बादली तिवईवर ठेवली, म्हणजे वाकावे लागू नये. अंग खसाखसा पुसण्याऐवजी मोठा पंचा गुंडाळून ती बसून राही. वस्तू उचलताना किंवा उठताना तिने श्वास रोखून न धरता बाहेर सोडावा, असेही शिकवले. काम चालू असता पुरे वाक्य बोलता येत नसेल, तर वेग अधिक झाला, हे ओळखण्याचे माप. धाप लागलीच तर पुढे झुकून कोपरे मांडीवर टेकावीत आणि गरम चहा फुंकताना करतो तसे ओठ करून श्वास सावकाश सोडावा.

एवढे करूनही रात्री निवांत बसली असताना तिची धाप दहापैकी आठ राही, असे ती बोटे दाखवून सांगे. तेव्हा डॉक्टरबाईंनी मॉर्फीनचे नाव काढले. घरात एकदम शांतता पसरली. मावसभाऊ म्हणाला, "म्हणजे आता संपलेच का?" ही समजूत सर्वत्र आढळते, म्हणून या औषधाची बाजू आणि मर्यादा दोन्ही सांगतो.

मॉर्फीन फुप्फुसे सुधारत नाही. श्वासासाठी मेंदूत उठणारी घाई ते मंद करते. स्वीडनमध्ये अतिगंभीर श्वसनविकाराच्या रुग्णांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. दिवसाला ३० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेचा मृत्यूंच्या वाढीशी संबंध तीत आढळला नाही. त्याहून मोठ्या मात्रेचा आढळला. परंतु २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत रोजच्या ८ किंवा १६ मिलिग्रॅम मात्रेने आठवड्याअखेर धापेत सरासरी फरक पडला नाही. म्हणून हे सर्वांस देण्याचे औषध नव्हे. पंखा आणि बेत आधी. त्यांनी भागले नाही तरच थोड्या दिवसांची परीक्षा, आणि गुण न आल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद.

मावशीला १० मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भाग, म्हणजे अडीच मिलिग्रॅम, सकाळी आणि रात्री सुरू झाला. तीन दिवसांनी तो दिवसातून चार वेळा झाला. पहिल्या दिवसापासूनच रेचक दिले, कारण मॉर्फीनने बद्धकोष्ठ होतेच आणि कुंथण्याने धाप वाढते. सुरुवातीस दोन दिवस मळमळले, मग थांबले. सुनेने वहीत रोज धापेचा आकडा लिहिला: आठ, सात, सहा, पाच. पाचाखाली तो गेला नाही, पण रात्रीची झोप परतली. झोपेची गोळी वा दारू याबरोबर घ्यायची नाही, आणि मूत्रपिंडे बिघडली असतील तर डॉक्टरांना आधी सांगायचे, ही ताकीद होती. हाक मारूनही जाग येईना, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, श्वास मिनिटास आठाखाली गेला, तर पुढची मात्रा न देता त्वरित दवाखाना गाठायचा. गोळ्या कुलपात असत.

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे हे औषध फार दुर्मीळ झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने नियम देशभर एकसारखे केले आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांतून ते मिळण्याची सोय केली. आपल्या जवळची अशी संस्था कोणती, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांस विचारावे.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत अवघड. एका दुपारी डॉक्टरबाईंनी विचारले, "मावशी, येणाऱ्या दिवसांत तुम्हांला भीती कशाची वाटते? आणि काय करता आले तर दिवस चांगला गेला असे वाटेल?" मावशी म्हणाली, "कोंडून मरायची भीती वाटते. आणि संध्याकाळी अंगणात तुळशीपाशी बसायला मिळाले तर पुरे." आम्ही कोणी हे तिला विचारलेच नव्हते. मग डॉक्टरबाईंनी एकेक पर्याय समजावला. छातीत संसर्ग झाला तर औषधे घ्यायची, दोन-चार दिवस मुखवट्याच्या यंत्रावर राहायचे, ही तिची संमती. घशात नळी घालून यंत्रावर ठेवणे तिने नाकारले. संध्याकाळच्या गोळीची वेळही तुळशीपाशी बसण्याच्या अर्धा तास आधीची ठरली.

अशी इच्छा लेखी ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तिला मान्यता दिली आणि २०२३ साली रीत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरीचे किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. रुग्णाला स्वतः निर्णय घेता येईनासे झाल्यावरच, आणि रुग्णालयातील डॉक्टरांच्या दोन मंडळांनी पाहिल्यावर, तो कागद अमलात येतो. तोपर्यंत रुग्णाला मन बदलण्याची मोकळीक आहे. येथे बसलेल्या राजपत्रित अधिकाऱ्यांस माझी विनंती आहे की, असा कागद घेऊन कोणी आले तर "हे आमचे काम नव्हे" म्हणून त्यास परत पाठवू नये.

मावशी पुढे नऊ आठवडे जगली. अखेरच्या रात्री श्वास फार वाढला. पण काय द्यायचे, किती द्यायचे आणि काय करायचे नाही, हे घरातील प्रत्येकास ठाऊक होते. सून पंखा धरून बसली होती. कोणी गाडी आणायला धावले नाही. आपल्या घरी असे कोणी धापणारे असेल, तर डॉक्टरबाईंनी विचारलेले ते दोन प्रश्न आज संध्याकाळीच त्यांच्याजवळ बसून विचारा. धाप इतकी वाढते की उत्तर देण्यास श्वास उरत नाही, त्यापूर्वीच विचारा.