शोषणाचा नियम आणि बूलचे बीजगणित



आजच्या विषयाचे नाव जरा भारदस्त असले, तरी त्यातली मुख्य गोष्ट एका साध्या वाक्यात मावते. समजा, एखाद्या संस्थेने दारावर पाटी लावली : ‘जे सभासद आहेत त्यांना, किंवा जे सभासद असून गावचे रहिवासी आहेत त्यांना, प्रवेश मिळेल.’ आत कोण जाऊ शकेल? सभासद, एवढेच. पाटीचा उत्तरार्ध फुकट गेला. पहिल्या भागाने दुसरा भाग गिळून टाकला. यालाच शोषणाचा नियम म्हणतात. तो उघड दिसतो हे खरे; पण उघड दिसणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. हा नियम कशातून सिद्ध होतो, तेवढेच आज पाहावयाचे आहे.

विचारांचे बीजगणित मांडण्याचा पहिला नेटका यत्न जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने केला. त्याचे छोटे पुस्तक १८४७ साली आणि मोठा ग्रंथ १८५४ साली निघाला. बूल अक्षरांनी वस्तूंचे वर्ग दाखवी. ‘अ’ म्हणजे सभासद आणि ‘ब’ म्हणजे रहिवासी धरले, तर ‘अ × ब’ म्हणजे दोन्ही असलेले लोक. मात्र बेरीज तो दोन वर्गांत सामाईक कोणी नसेल तेव्हाच करी. ‘हा किंवा तो, किंवा दोन्ही’ असा बेरजेचा अर्थ पुढे जेव्हन्झने धरला, आणि तोच रूढ झाला. आपणही तोच धरू.

पण येथवर अक्षरे वर्गांचीच होती. १९०४ साली हंटिंग्टन या अमेरिकन गणितज्ञाने निराळी वाट धरली. अक्षरे कशाची आहेत हे विचारूच नका, असे त्याने म्हटले. काही वस्तू आहेत. त्यांच्यावर + आणि × अशा दोन क्रिया आहेत. ० आणि १ या नावांच्या दोन खास, परस्परांहून भिन्न वस्तू आहेत. आणि प्रत्येक ‘अ’ला ‘अ′’ असा एक पूरक आहे. या क्रिया पुढील चार गृहीतके पाळतात, एवढेच आपल्याला ठाऊक. मी ती फळ्यावर जोडीजोडीने लिहितो.

पहिले, क्रमाचे : अ + ब = ब + अ ; अ × ब = ब × अ
दुसरे, ० आणि १ यांचे : अ + ० = अ ; अ × १ = अ
तिसरे, वितरणाचे : अ + (ब × क) = (अ + ब) × (अ + क) ; अ × (ब + क) = (अ × ब) + (अ × क)
चौथे, पूरकाचे : अ + अ′ = १ ; अ × अ′ = ०

तिसऱ्या गृहीतकाचा पहिला भाग पाहून शाळेत गणित शिकलेला माणूस दचकेल, आणि ते योग्यच आहे. नेहमीच्या अंकांत २ + (३ × ४) म्हणजे १४ होतात, पण (२ + ३) × (२ + ४) म्हणजे ३० होतात. म्हणजे नेहमीचे अंकगणित या रचनेत बसत नाही. मग यात बसते तरी काय? वर्ग तर बसतातच. पण एक अगदी निराळे उदाहरण घ्या. ३० चे विभाजक आठ : १, २, ३, ५, ६, १०, १५ आणि ३०. यांच्यात ‘बेरीज’ म्हणजे लसावि आणि ‘गुणाकार’ म्हणजे मसावि असे ठरवा. मग या बीजगणिताचे ‘शून्य’ म्हणजे १ हा आकडा, ‘एक’ म्हणजे ३० हा आकडा, आणि कोणत्याही आकड्याचा पूरक म्हणजे त्याने ३० ला भागून येणारा आकडा. ६ चा पूरक ५. त्यांचा लसावि ३०, मसावि १. चौथे गृहीतक जुळले. बाकीचीही जुळतात, घरी कागदावर करून पाहा.

३० ऐवजी १२ घेतले तर मात्र गाडे अडते. २ चा पूरक हवा तर त्याचा २ शी मसावि १ असला पाहिजे, म्हणजे तो १ किंवा ३ असणार. पण २ शी त्यांचे लसावि अनुक्रमे २ आणि ६ येतात. १२ येत नाही. २ ला पूरकच नाही. कारण १२ मध्ये २ हा अवयव दोनदा आला आहे.

आता शोषणाकडे वळू. फळ्यावर तो असा : अ + (अ × ब) = अ. एक मार्ग म्हणजे दोन वर्तुळे काढून दाखवणे. पण वर्तुळे वर्गांची झाली. मसावि-लसाविबद्दल ती काहीच बोलत नाहीत. दुसरा मार्ग म्हणजे ३० च्या विभाजकांच्या चौसष्ट जोड्या तपासणे. उदाहरणार्थ ६ आणि १० : मसावि २, आणि ६ व २ यांचा लसावि पुन्हा ६. नियम जुळला; पण तो ३० पुरता. केवळ चार गृहीतकांवरून सिद्ध केला, तर मात्र तो जेथे जेथे ही गृहीतके लागू, तेथे तेथे एकदम लागू होतो. वस्तूंची नावे पुसून टाकण्याचा फायदा हा आहे.

आधी एक पायरी लागते : अ + १ = १. ती अशी.

अ + १ = (अ + १) × १ (दुसऱ्यावरून)
= (अ + १) × (अ + अ′) (चौथ्यावरून)
= अ + (१ × अ′) (तिसरे, उलट वाचून)
= अ + अ′ (पहिल्या व दुसऱ्यावरून)
= १ (चौथ्यावरून)

आता मुख्य सिद्धता :

अ + (अ × ब) = (अ × १) + (अ × ब) (दुसऱ्यावरून)
= अ × (१ + ब) (तिसरे, उलट वाचून)
= अ × (ब + १) (पहिल्यावरून)
= अ × १ (वरच्या पायरीवरून)
= अ (दुसऱ्यावरून)

युक्ती एवढीच की, नुसत्या ‘अ’च्या जागी ‘अ × १’ लिहिले. तसे लिहिताच दोन्ही पदांत ‘अ’ सामाईक दिसू लागला आणि तो बाहेर काढता आला.

शोषणाचा दुसरा नियम आहे : अ × (अ + ब) = अ. त्याची सिद्धता मी लिहिणार नाही, आणि का लिहीत नाही तेच सांगतो. गृहीतकांकडे पुन्हा पाहा. प्रत्येक ओळीत दोन विधाने आहेत. एकातल्या + आणि × यांची अदलाबदल करा, ० आणि १ यांचीही करा, की दुसरे विधान मिळते. म्हणजे अशी अदलाबदल केल्यावर गृहीतकांची सगळी यादी जशीच्या तशी राहते. मग फळ्यावरच्या सिद्धतेतही तीच अदलाबदल प्रत्येक ओळीत करा. प्रत्येक ओळीचे कारण म्हणून जे गृहीतक दिले होते, त्याचा जोडीदार आता कारण म्हणून उभा राहील. ‘अ + १ = १’ची ‘अ × ० = ०’ होईल, आणि शेवटी ‘अ × (अ + ब) = अ’ हे आपोआप हाती येईल. याला द्वैताचे तत्त्व म्हणतात. हा नवा नियम नाही. सिद्धतांबद्दलचा नियम आहे. एक सिद्धता करा, दोन फळे घ्या.

हे तत्त्व वापरताना दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिले ठिकाण : अदलाबदल क्रियांची आणि ०, १ यांची करावयाची, ‘अ’च्या जागी ‘अ′’ लिहावयाचे नाही. पूरक घेतल्यावर बेरजेचा गुणाकार होतो हा डी मॉर्गनचा नियम वेगळा आहे. (हा डी मॉर्गन १८०६ साली आपल्याच देशात, मदुरा येथे जन्मला.) दुसरे ठिकाण अधिक फसवे आहे. हे तत्त्व गृहीतकांतून निघालेल्या, सर्व अक्षरांना लागू असलेल्या विधानांपुरतेच आहे. विशिष्ट वस्तूंबद्दलच्या विधानाला ते लावता येत नाही. ३० च्या उदाहरणात ६ आणि १० यांचा लसावि ३० येतो, म्हणजे त्यांची ‘बेरीज’ त्या बीजगणितातले ‘एक’ आहे. द्वैताने म्हणाल की ‘गुणाकार’ ‘शून्य’ असलाच पाहिजे, तर फसाल. मसावि २ आहे, १ नव्हे.

आणखी एक खड्डा सिद्धतेतच आहे. ‘अ + १ = १’ हे पुष्कळ जण असे दाखवतात : १ म्हणजे अ + अ′; म्हणून अ + १ म्हणजे अ + (अ + अ′); कंस हलवा, (अ + अ) + अ′; अ + अ म्हणजे अ; झाले, अ + अ′ म्हणजे १. सुटसुटीत आहे, पण कंस हलवण्याची परवानगी कोणी दिली? चार गृहीतकांत तो साहचर्याचा नियम कोठेही नाही. हंटिंग्टनने तो मुद्दाम गृहीत धरला नाही, कारण तो सिद्ध होतो. आणि सिद्ध होतो तो शोषणाच्या आधाराने! म्हणजे शोषणासाठी साहचर्य वापरले आणि साहचर्यासाठी शोषण वापरले, तर दोघे एकमेकांच्या खांद्यावर उभे राहिले; जमिनीवर कोणीच नाही.

ती सिद्धता थोडक्यात दाखवतो. अ + (ब + क) ला ‘प’ म्हणा, (अ + ब) + क ला ‘फ’ म्हणा. ‘प’ला ‘अ’ने गुणले तर दुसऱ्या शोषणनियमाने ‘अ’ उरतो. ‘फ’ला ‘अ’ने गुणले तर वितरणाने अ × (अ + ब) आणि अ × क यांची बेरीज मिळते; पहिल्या पदाचे शोषणाने ‘अ’ होते, मग अ + (अ × क) याचेही शोषणाने ‘अ’च होते. दोन्ही गुणाकार सारखे. आता दोघांना ‘अ′’ने गुणा. अ′ × अ म्हणजे ०, ते गळून जाते, आणि दोन्हीकडे अ′ × (ब + क) हेच उरते. ‘अ’शी गुणाकार सारखे, ‘अ′’शीही सारखे. शेवटी, प = प × १ = प × (अ + अ′) = (प × अ) + (प × अ′); आणि ‘फ’चेही हेच होते. म्हणून प आणि फ एकच.

या दहा-बारा ओळींत शोषणाचे दोन्ही नियम कामी आले. म्हणून पाटीवरचा तो फुकट गेलेला उत्तरार्ध क्षुल्लक नाही. तीन पदांची बेरीज कंसाशिवाय लिहिण्याची मुभा त्याच्यामुळे मिळते. १९३८ साली शॅनन याने हेच बीजगणित विजेच्या जोडणीला लावून दाखवले. शेजारी शेजारी जोडलेल्या दोन खटक्यांची ती बेरीज, एकामागून एक जोडलेल्यांचा गुणाकार. ‘अ’च्या शेजारच्या वाटेवर ‘अ’शीच जुळवून ठेवलेला, त्याच्याबरोबर उघडणारा-मिटणारा खटका आणि त्यामागे ‘ब’ बसवला असेल, तर ती सबंध वाट काढून टाकली तरी दिवा पूर्वीसारखाच लागेल व विझेल. सभासदांची पाटी, ३० चे विभाजक आणि दिव्याची तार या तिघांसाठी सिद्धता एकच पुरली, कारण ती लिहिताना यांपैकी एकाचेही नाव आपण घेतले नव्हते.